प्लेलिस्टमधली सगळी गाणी न वाजताच पुढे पळतात: दोष खात्यात, नेटवर्कमध्ये की फाइलमध्ये?

हा बिघाड माझ्याकडे नातेवाइकांकडून येतो, सोसायटीतून येतो, मित्रांच्या आईवडिलांकडून येतो. येणाऱ्या जवळपास प्रत्येकानं त्याआधी ॲप काढून पुन्हा टाकलेलं असतं. कृपा करून ते सुरुवातीला करू नका. त्यानं डाउनलोड केलेली गाणी जातात, सेटिंग पुसली जातात आणि दोष कुठे होता हे सांगणारा पुरावाही जातो. खरा दोष राउटरमध्ये किंवा मेमरी कार्डात असला, तर दोन तासांनी तेच पुन्हा सुरू होतं.

लक्षणं

प्लेलिस्ट नीट उघडते. गाण्यांची नावं दिसतात, चित्रंही दिसतात. पहिलं गाणं दाबलं की वेळ 0:00 वर राहते, क्षणभर एखादा संदेश चमकतो आणि दुसरं गाणं येतं, मग तिसरं, मग चौथं. काही ॲप अशी पाच-दहा गाणी पळवून थांबतात, काही यादीच्या तळापर्यंत जातात.

हे असं होतं कारण प्लेअरला तसंच शिकवलेलं असतं. एखादं गाणं लागलं नाही तर अडून न बसता पुढचं लाव. एकच गाणं खराब असेल तर ही सोय चांगली आहे. पण कारण सगळ्या गाण्यांना सामाईक असेल, तर प्लेअर तीच चूक गाण्यामागून गाणं करत जातो आणि मूळ संदेश वाचायलाही मिळत नाही. म्हणून आधी यादी सोडा, त्यातलं एकच गाणं उघडा, `Repeat` मध्ये एकाच गाण्याची निवड करा आणि मग ते लावा. बऱ्याचदा संदेश आता स्थिर दिसतो.

नावं आणि चित्रं दिसतात म्हणजे इंटरनेट ठीक आहे, असं मात्र समजू नका. ती बहुधा फोनमध्ये आधीच साठवलेली असतात, नाहीतर वेगळ्या सर्व्हरवरून येतात. प्रत्यक्ष आवाज तिसऱ्याच ठिकाणाहून येतो.

आता पळण्याचा वेग बघा. गाणं दाबताक्षणी पुढे गेलं, तर नकार जवळूनच आला आहे: फाइल जागेवर नाही, खात्याला परवानगी नाही, किंवा पत्ता शोधतानाच कुणीतरी अडवलं. गोल चक्र फिरत राहून काही सेकंदांनी पुढे गेलं, तर ॲप कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहून थकलं, म्हणजे बहुधा नेटवर्क. थोडं वाजून मध्येच तुटलं, तर नेटवर्क तरी मंद आहे किंवा फाइल अर्धवट आहे. हा वेग म्हणजे निकाल नाही, पण संशय कुठे घ्यायचा ते त्यावरून कळतं.

आधी फुकटच्या तपासण्या

यादीबाहेरचं, कधीही न ऐकलेलं एखादं गाणं शोधून लावा. ते वाजलं तर खातं आणि नेटवर्क दोन्ही बहुतेक सुटले. दोष त्या यादीतल्या गाण्यांत आहे. नावं फिकट करड्या रंगाची झाली असतील तर कंपनीचा त्या गाण्यांचा परवाना संपलेला असतो किंवा तुमच्या देशापुरता नसतो. तिथे तुमच्या हातात काही नाही. त्याच गाण्याची दुसऱ्या अल्बममधली प्रत शोधून यादीत टाकणं एवढाच उपाय.

यादी रॅप किंवा हिपहॉपची असेल तर `Explicit content` ची सेटिंग बघा. मुलांसाठी कुणीतरी ती बंद केलेली असते आणि `E` अशी खूण असलेली गाणी मुकाट्यानं वगळली जातात. अख्खी यादीच तशी असेल तर अख्खी यादी पळते.

मग फोनचं घड्याळ. तारीख आणि वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू आहे ना, ते बघा. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं ठरावीक तारखांपुरतीच वैध असतात. फोनची तारीख मागे किंवा पुढे गेली की ती अवैध ठरतात आणि डाउनलोड गाण्यांचा परवानाही तारखेवरच तपासला जातो. बॅटरी पूर्ण उतरून पुन्हा चालू केलेल्या जुन्या टॅबलेटवर हा प्रकार मी पाहिला आहे.

नेटवर्क: जोडणी बदलून बघा

फोन तोच, खातं तेच, गाणंही तेच ठेवा. फक्त वायफाय बंद करून मोबाइल डेटावर लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाणं लागलं, तर कशामुळे लागलं ते कळत नाही. डेटावर वाजलं आणि वायफायवर पळालं, तर खातं निर्दोष आहे. उलट झालं, म्हणजे वायफायवर वाजलं आणि डेटावर पळालं, तर ॲपमधली मोबाइल डेटा वापरू न देणारी सेटिंग, फोनचा `Data Saver` किंवा संपलेला दिवसाचा डेटा, या क्रमानं बघा.

दोन्हीकडे पळालं तर व्हीपीएन, म्हणजे फोनचं सगळं इंटरनेट स्वतःमधून नेणारी सेवा, चालू आहे का ते तपासा. अँड्रॉइडवर जाहिराती अडवणारी कित्येक ॲप स्वतःच व्हीपीएन बनून बसतात. वर पट्टीत किल्लीची खूण दिसत असेल तर ते बंद करून पुन्हा लावा. हॉटेल, हॉस्पिटल, विमानतळाच्या वायफायवर आधी ब्राउझर उघडून त्यांचं लॉगिनचं पान पुरं करा. ते होईपर्यंत फोन जोडलेला दिसतो पण बाहेर काही जात नाही.

आता एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्यात फसवे धागे भरपूर होते. आमच्या एका मावशींच्या फोनवर सकाळच्या अभंगांची यादी पळायला लागली. दाबताक्षणी, एकही गाणं न थांबता. त्याच सुमारास सदस्यत्वाच्या नूतनीकरणाचा एसएमएस आला होता, म्हणून घरच्यांनी पैसे कापले गेले नाहीत असं धरलं. मी मोबाइल डेटावर लावून पाहिलं, गाणं लागलं. म्हणजे खात्याचा संशय तिथेच संपला. मग वायफाय. पण त्याच वायफायवर त्यांच्या मुलीचा फोन, तेच खातं वापरून, व्यवस्थित वाजत होता. घरच्यांचा निष्कर्ष असा की वायफाय चांगलं आणि मावशींचा फोन बिघडला.

दोन्ही फोनमध्ये फरक काय, तो शोधला. अँड्रॉइड 9 पासून सेटिंगमध्ये `Private DNS` नावाचा पर्याय आहे. डीएनएस म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा. मुलीच्या फोनवर तिथे `dns.google` लिहिलेलं होतं. मावशींच्या फोनवर नव्हतं. म्हणजे मुलीचा फोन पत्ते बाहेरून विचारत होता आणि मावशींचा घरच्या राउटरला. मावशींच्या फोनवर तेच नाव टाकलं आणि अभंग सुरू झाले. दोष राउटरच्या डीएनएसमध्ये होता. भाच्यानं सुट्टीत येऊन राउटरवर जाहिराती अडवणारा डीएनएस बसवला होता आणि त्याच्या बंदी-यादीत गाण्याचा आवाज जिथून येतो ते नावही सापडलं होतं. नावं आणि चित्रं दुसऱ्या नावाच्या सर्व्हरवरून येत असल्यामुळे ती दिसत होती. पत्ताच मिळत नसल्यामुळे वाट बघायचा प्रश्न नव्हता, म्हणून गाणी क्षणात पळत होती.

यावरून एक सोपी तपासणी मिळते. वायफायवर पळतं आणि डेटावर वाजतं असं दिसलं, की फोनच्या `Private DNS` मध्ये तात्पुरतं `dns.google` किंवा `one.one.one.one` टाका. त्यानं वाजलं तर राउटरचा डीएनएस दोषी. त्यानंही न वाजलं तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करा आणि दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर लावून बघा. आधीपासूनच तिथे जाहिराती अडवणाऱ्या एखाद्या सेवेचं नाव लिहिलेलं असेल, तर तपासणी उलटी करा: ते काढून `Automatic` ठेवा. हे नाव फोनवर असल्यामुळे ते वायफाय आणि डेटा दोन्हीकडे अडवतं, आणि म्हणूनच माणसं खात्यावर संशय घेतात.

संगणकावर असाच अडथळा `hosts` फाइलमध्ये सापडतो. डीएनएसला विचारण्याआधी संगणक पत्ता या फाइलमध्ये बघतो. विंडोजमध्ये ती इथे असते:

```
C:\Windows\System32\drivers\etc\hosts
```

नोटपॅडमध्ये उघडा. तुमच्या संगीत ॲपचं नाव असलेल्या ओळी `0.0.0.0` किंवा `127.0.0.1` ने सुरू होत असतील, तर कुणीतरी जाहिराती टाळायला त्या घातल्या आहेत. अशा ओळीच्या सुरुवातीला `#` टाकून सेव्ह करा. त्यासाठी नोटपॅड `Run as administrator` ने उघडावं लागतं. संगणक कार्यालयाचा असेल तर हात लावू नका.

खातं: दुसऱ्या यंत्रावर तेच खातं

दोन्ही नेटवर्कवर पळतं, व्हीपीएन नाही, डीएनएस साफ आहे. मग तेच खातं दुसऱ्या फोनवर किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडा. तिथेही पळालं तर खातं. तिथे वाजलं तर खातं सुटलं आणि दोष पहिल्या फोनमध्ये. शक्य असेल तर उलटही करा: पहिल्या फोनवर घरातल्या दुसऱ्या माणसाचं खातं. पण लॉगआउट केल्यावर काही ॲपमध्ये डाउनलोड जातात, त्यामुळे हे वायफायवर असताना आणि पासवर्ड हाताशी ठेवूनच.

सदस्यत्व संपलं की काय होतं, हे ॲपवर अवलंबून आहे. स्पॉटिफायला फुकटचा स्तर आहे, त्यामुळे पैसे थकले तरी गाणी जाहिरातींसकट वाजतात, फक्त डाउनलोड केलेली बंद पडतात. ॲपल म्युझिकला असा स्तर नाही, तिथे यादी दिसते पण वाजत नाही. म्हणजे स्पॉटिफायवर इंटरनेट चालू असताना सगळंच पळत असेल, तर केवळ पैसे थकलेत हे कारण पुरेसं नाही. हिशोब बघायचाच असेल तर ॲपमध्ये नव्हे, ब्राउझरमधून खात्याच्या पानावर बघा. ॲप कधीकधी जुनी स्थिती दाखवत राहतं. कार्ड बदललं किंवा त्याची मुदत संपली की ऑटोपे मुकाट्यानं अडकतं, आणि बँकेचा आगाऊ आलेला एसएमएस म्हणजे पैसे गेल्याची पावती नव्हे.

दोन नियम लोकांना ठाऊक नसतात. स्पॉटिफायची डाउनलोड केलेली गाणी चालू राहायला 30 दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. गाडीत किंवा देवघरात ठेवलेला, सिम नसलेला जुना फोन इथे हमखास अडकतो. आणि स्पॉटिफायचं फुकटचं खातं दुसऱ्या देशात 14 दिवसच चालतं, नंतर देश बदलावा लागतो. पोरगं शिकायला जर्मनीला गेलं आणि दोन आठवड्यांनी गाणी बंद पडली, तर फोन दुकानात न्यायची गरज नाही.

खातं नक्की दोषी ठरलं तर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. ॲप प्रत्येक वेळी पासवर्ड विचारत नाही, त्याऐवजी आधी मिळालेला परवाना दाखवतं. तो बिघडलेला किंवा रद्द झालेला असेल तर नव्यानं मिळतो. तुम्ही न ऐकलेली गाणी इतिहासात दिसत असतील तर पासवर्ड बदला आणि खात्याच्या पानावरून `Sign out everywhere` दाबा.

फाइल: विमान मोडमध्ये

डाउनलोड केलेल्या गाण्यांसाठी सगळ्यात स्वच्छ चाचणी म्हणजे विमान मोड. नेटवर्क पूर्ण बंद केलं की प्लेअरकडे फक्त फाइल उरते. विमान मोडमध्ये पळतं आणि इंटरनेटवर, डाउनलोड न केलेलं गाणं वाजतं, तर साठवलेल्या फाइली खराब आहेत. एकच यादी डाउनलोडमधून काढून पुन्हा डाउनलोड करा. आधी फोनमध्ये जागा किती उरली ते बघा. जागा भरत आली की डाउनलोड अर्धवट राहतं.

त्यानंतर `Clear cache`. त्यानं तात्पुरत्या फाइली जातात. त्याच्या शेजारचं `Clear data` किंवा `Clear storage` मात्र वेगळं आहे: त्यानं लॉगिन आणि डाउनलोड दोन्ही जातात. ते शेवटी.

गाणी मेमरी कार्डावर असतील तर कार्डावर संशय घ्या. मरायला टेकलेलं कार्ड नावं दाखवतं, फाइल उघडताना मात्र अडतं. स्वस्तात घेतलेलं मोठ्या आकड्याचं कार्ड बनावट असू शकतं. ते लिहिलेल्या क्षमतेपेक्षा कमीच साठवतं आणि पुढचं सगळं वाया जातं. कार्डावरचं सगळं आधी दुसरीकडे काढून, विंडोजवर `H2testw` किंवा मॅक-लिनक्सवर `F3` नं खरी क्षमता तपासता येते. अख्खं कार्ड लिहून वाचायचं असल्यानं वेळ जातो, रात्री लावून ठेवा.

स्वतःच्या एमपीथ्रीचा संग्रह असेल तर दोष वेगळ्याच ठिकाणी असतो. यादीची फाइल, म्हणजे `.m3u`, नोटपॅडमध्ये उघडून बघा. त्यात गाणी नसतात, गाण्यांचे पत्ते असतात:

```
#EXTM3U
E:\Gani\Abhang\01.mp3
E:\Gani\Abhang\02.mp3
```

बाहेरची डिस्क आज `F:` म्हणून लागली, तर यातली एकही ओळ खरी नाही आणि सगळी यादी क्षणात पळते. यादीची फाइल `Gani` फोल्डरमध्येच ठेवा आणि `Find and Replace` नं सुरुवातीचा भाग उडवून पत्ते असे करा:

```
Abhang/01.mp3
Abhang/02.mp3
```

आता डिस्कचं अक्षर काहीही असो, यादी चालेल. `\` ऐवजी `/` टाकली की फोनवरही चालण्याची शक्यता वाढते.

मराठी संग्रहात आणखी एक खास खोड आहे. फाइलींची नावं देवनागरीत असतील आणि यादी जुन्या पद्धतीच्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे देवनागरी न कळणाऱ्या अक्षर-साठवणीत, सेव्ह झाली असेल, तर नोटपॅडमध्ये नावांच्या जागी `????` दिसतं. इंग्रजी नावांची गाणी वाजतात, देवनागरीतली सगळी पळतात. लोक मला सांगतात की मराठी गाणी खराब आहेत. गाणी उत्तम असतात. प्रश्नचिन्हं एकदा बसली की नावं परत मिळत नाहीत, त्यामुळे यादी नव्यानं बनवा आणि सेव्ह करताना `.m3u8` निवडा. त्यात देवनागरीही नीट साठवणारं यूटीएफ-8 एन्कोडिंग वापरतात.

पत्ते बरोबर आहेत तरी पळतं, तर प्रत्यक्ष फाइल तपासा. आकार 0 केबी आहे का ते बघा. तो ठीक असेल आणि संगणकावर एफएफएमपेग हा आवाज-व्हिडिओच्या फाइली वाचणारा प्रोग्राम असेल, तर गाण्याच्या फोल्डरमध्ये कमांडची खिडकी उघडून ही कमांड द्या:

```
ffmpeg -v error -i 01.mp3 -f null -
```

काहीच छापलं नाही तर फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट वाचली गेली. एखाद-दुसरी ओळ आली तर घाबरू नका, वाजणाऱ्या एमपीथ्रीतही ती येते. ओळींचा पाऊस पडला तर फाइल गेली.

तिन्ही सुटले तरी पळतंय

मग आवाज बाहेर जाण्याची वाट बघा. ब्लूटूथ तोडून फोनच्या स्पीकरवर लावा. विंडोजवर साउंड कार्डाची `Exclusive Mode` दुसऱ्या प्रोग्रामनं धरून ठेवली असेल किंवा नमुना-दर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने पाठवायचे तो आकडा, यंत्राला न झेपणारा निवडला असेल, तर प्लेअरला आवाज उघडताच येत नाही आणि काही प्लेअर तेही खराब गाणं समजून पुढे जातात. दर 44100 किंवा 48000 हर्ट्झवर आणा. ब्राउझरमध्ये वाजत नसेल तर क्रोममध्ये `chrome://settings/content/protectedContent` इथे संरक्षित मजकुराला परवानगी आहे का ते पाहा. ॲप काढून पुन्हा टाकायची वेळ आता आली.

कुठे थांबायचं

कार्ड किंवा डिस्कवर घरातली रेकॉर्डिंग आहेत, त्यांची दुसरी प्रत नाही आणि फाइली वाचताना अडतायत: तिथेच थांबा. वर सांगितलेली क्षमतेची चाचणी अशा कार्डावर चालवू नका, दुरुस्तीची साधनंही नकोत आणि त्यावर नवं काही लिहू नका. डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे न्या. प्रत्येक प्रयोगानं परत मिळण्याची शक्यता कमी होते.

कार्यालयाच्या किंवा वसतिगृहाच्या वायफायवरच पळत असेल तर तिथल्या आयटी विभागाला विचारा. मुद्दाम बंदी असेल तर ती चुकवायला व्हीपीएन टाकून नोकरी अडचणीत आणू नका. राउटर केबलवाल्यानं दिलेला आणि पासवर्ड त्याच्याकडे असेल, तर डीएनएस त्यालाच बदलायला सांगा. राउटरचं रीसेटचं बटण दाबू नका, जोडणीची माहितीही पुसली जाते.

पैसे कापले गेले पण सदस्यत्व चालू झालं नाही, किंवा खात्याचा ईमेल कुणी बदलला, तर ॲपमधल्या मदतीच्या पानावरूनच कंपनीशी बोला. सर्चमध्ये दिसणाऱ्या कस्टमर केअरच्या नंबरवर फोन करू नका. ओटीपी मागणारा किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगणारा माणूस चोर आहे. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवा.

मदतीला लिहिताना एवढं द्या: फोनचं मॉडेल, ॲपची आवृत्ती, संदेशातले नेमके शब्द, वायफाय आणि डेटावर वेगवेगळं काय झालं, दुसऱ्या यंत्रावर तेच खातं वाजलं का, आणि विमान मोडमध्ये डाउनलोड गाणं वाजलं का. हे पहिल्याच पत्रात असलं की ॲप काढून पुन्हा टाका हे ठरलेलं उत्तर बहुधा टळतं.